डक्टमधून इंटरनेटची वायर न्यायची आहे: सोसायटी कमिटीकडे अर्ज करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यातल्या आमच्या इमारतीत चोवीस फ्लॅट आहेत. तिथे मी सात वर्षं सेक्रेटरीपद सांभाळलं. पद सुटलं तरी फोन सुटले नाहीत. पर्वरी, म्हापसा, मडगाव, वास्को, कुठून ना कुठून कुणीतरी विचारतंच: "वायर डक्टमधून न्यायची आहे, कमिटी अडवते, अर्ज कसा लिहू?" तेच प्रश्न परत परत येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली.

१. इंटरनेट माझं, पैसे माझे. मग कमिटीची परवानगी कशाला?

इंटरनेट तुमचं आहे, पण डक्ट सगळ्यांची आहे. तुमच्या फ्लॅटच्या दाराबाहेर जे जे सुरू होतं, म्हणजे जिना, गच्ची, शाफ्ट, बाहेरची भिंत, पार्किंगचं छत, ते सामायिक. तिथे खिळा ठोकायचा तरी विचारावं लागतं, भोक पाडायचं तर नक्कीच.

माझा अनुभव असा की कमिटी इंटरनेटला नाही म्हणत नाही. कमिटीला भीती असते ती बेवारस वायरीची. कुठून आली, कुणाची, चालू आहे की मेलेली, भिंत ओली झाली तर कुणाला विचारायचं, यातलं काहीच कळत नाही अशी वायर. ही भीती तुमच्या अर्जाने घालवली की निम्मं काम झालं.

एक चूक मात्र सगळेच करतात: आधी कंपनीला पैसे भरतात, मग अर्ज करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा शिडी घेऊन दारात उभा, आणि कमिटीची बैठक पुढच्या रविवारी. क्रम उलटा करा.

२. मी भाड्याने राहतो. घरमालक दुबईत असतो. अर्ज मी करू की त्याने?

सोसायटीचा सभासद मालक आहे, तेव्हा अर्ज त्याच्या नावाने जावा. त्याने ईमेलवर दोन ओळी लिहून पाठवल्या, "माझ्या फ्लॅटसाठी ही जोडणी घेण्यास माझी हरकत नाही, वायरीची जबाबदारी माझी," आणि त्याची प्रत तुम्ही अर्जाला जोडली, तर आमच्याकडे चालायचं. गोव्यात निम्मे फ्लॅट असेच चालतात, कमिटीलाही हे माहीत असतं. अर्जात तुमचा इथला फोन नंबर द्या, कारण वायर तुटली की दार वाजणार ते तुमचं, दुबईतलं नव्हे.

सोसायटीची नोंदणीच झालेली नसेल आणि देखभाल अजून बिल्डरकडे असेल, तर अर्ज बिल्डरला लिहा. ज्या मजल्यांवरून वायर जाणार तिथल्या शेजाऱ्यांच्या सह्याही घ्या. उद्या सोसायटी झाली की हाच कागद नव्या कमिटीला दाखवता येतो.

३. अर्जात नेमकं काय लिहायचं? नमुना मिळेल का?

आमच्या ४०३ नंबरच्या वहिनींचा अर्ज मी जपून ठेवला होता. आधी त्यांचा एक अर्ज परत गेला होता. त्यात एवढंच होतं: "घरी वर्क फ्रॉम होमसाठी इंटरनेट हवे आहे, तरी डक्टमधून वायर नेण्यास परवानगी द्यावी ही विनंती." कुठली डक्ट, कसली वायर, काहीच नाही. कमिटी कशावर हो म्हणणार? दुसरा अर्ज साधारण असा होता:

> प्रति, मा. सचिव, व्यवस्थापन समिती
> विषय: फ्लॅट ४०३ साठी फायबर वायर जिन्यातील टेलिफोन पाइपमधून नेण्याबाबत
>
> महोदय,
> फ्लॅट ४०३ साठी मी ब्रॉडबँड जोडणी घेत आहे. वायर गेटजवळील खांबावरून येऊन जिन्याखालील टेलिफोनच्या पेटीत उतरेल व तेथून जिन्याच्या भिंतीतील जुन्या पाइपमधून चौथ्या मजल्यापर्यंत जाईल. विजेच्या व पाण्याच्या डक्टमध्ये ती जाणार नाही. एकूण लांबी अंदाजे ३६ मीटर. वायर चपटी फायबर असून तिच्यात वीजप्रवाह नसतो. सामायिक भागात यंत्र अथवा वीजजोडणी लागणार नाही.
> भोक एकच, माझ्या दारावर, १० मि.मी. काम शनिवारी सकाळी १० ते १ या वेळेत, माझ्या उपस्थितीत होईल. पेटीत व चौथ्या मजल्यावर वायरीला फ्लॅट नंबरची पट्टी लावली जाईल. भिंतीची दुरुस्ती माझ्या खर्चाने. जोडणी बंद केल्यास ३० दिवसांत वायर काढून घेईन.
> सोबत: मार्गाचे हाताने काढलेले रेखाचित्र, दोन फोटो.

छत्तीस मीटर कसे आले तेही सांगते. खांबापासून जिन्याखालच्या पेटीपर्यंत १४, चार मजले चढायला १२, पाइपच्या तोंडापासून हॉलमधल्या डब्यापर्यंत ७ आणि दोन्ही टोकांना ठेवायच्या गुंडाळीचे ३. टेप घेऊन मोजलं, अर्धा तासही लागला नाही.

अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर सही-तारीख घ्या. व्हॉट्सॲपवरचा "ओके 👍" म्हणजे परवानगी नव्हे. चेअरमन बदलला की अंगठाही बदलतो.

४. आमच्या इमारतीत दोन-तीन डक्ट आहेत. कुठली मागायची?

आधी दारं उघडून बघा. एक असते विजेची: लिफ्टच्या किंवा जिन्याच्या बाजूला, खाली मीटर, वर जाणाऱ्या जाड केबल. दुसरी पाण्याची: दोन फ्लॅटच्या संडास-बाथरूमच्या मधली उघडी पोकळी, त्यात सांडपाण्याचे ११० मि.मी.चे पाइप आणि वरून गच्चीच्या टाकीचे पाइप. बऱ्याच इमारतींत तिसरी वाट असते ती कुणाच्या लक्षातच नसते. बिल्डरने लँडलाइनसाठी भिंतीत गाडलेला २५ मि.मी.चा प्लास्टिक पाइप. जिन्याखाली एक गंजलेली लोखंडी पेटी आणि प्रत्येक मजल्यावर झाकण लावलेला छोटा चौकोन दिसला, तर तोच.

मागायची ती तिसरी. ती नसेल तर जिन्याच्या कोपऱ्यातून प्लास्टिकची केसिंग पट्टी. ती दिसायला फारशी बरी नाही, पण तिच्यातली वायर दिसते, हाताला लागते आणि उद्या काढता येते.

पाण्याची डक्ट सगळ्यांना सोपी वाटते, कारण ती उघडी असते आणि गच्चीवरून वायर सोडली की सरळ खाली. मला ती शेवटचा पर्याय म्हणूनच मान्य आहे. प्लंबर तिथे पाइपवर पाय ठेवून चढतो, वायरीला धरून तोल सावरतो, गळका जोड बदलताना मधे येईल ते बाजूला ओढतो. उंदीरही तिथेच. घ्यावीच लागली तर वायर मोकळी लोंबती ठेवू नका. ती स्वतःच्या पाइपमध्ये घाला आणि तो पाइप सांडपाण्याच्या पाइपला न बांधता भिंतीला क्लिपने बसवा.

विजेच्या डक्टचं काय, ते पुढच्या प्रश्नात.

५. फायबरमध्ये करंट नसतो म्हणतात. मग विजेच्या शाफ्टमधून नेली तर काय बिघडलं?

हा प्रश्न बहुधा कंपनीचा मुलगाच तुमच्या तोंडी घालतो, कारण त्याला ती वाट सर्वांत जवळची असते. करंट नसतो हे खरं. काचेच्या तंतूतून फक्त उजेड जातो. पण अडचणी तीन आहेत.

पहिली: खांबावरून येणाऱ्या वायरीला ताण सोसण्यासाठी बहुतेक वेळा पोलादी तार जोडलेली असते. काच वीज नेत नाही, पोलाद नेतं. ती तार इमारतीबाहेरच संपायला हवी. आत येणारा तुकडा तार सोलून काढलेला किंवा मुळातच धातू नसलेला हवा. कंपनीला हे स्पष्ट विचारा आणि अर्जात लिहा.

दुसरी: वायर ओढणारा मुलगा वायरमन नसतो. त्याने चालू मुख्य केबलच्या शेजारी हात घालून ड्रिल चालवावं यावर कुठल्या कमिटीने सही करावी?

तिसरी आग. शाफ्ट प्रत्येक मजल्याच्या स्लॅबपाशी न जळणाऱ्या मालाने बंद केलेली असावी लागते, नाहीतर खाली लागलेली आग आणि धूर चिमणीसारखा वर चढतो. नवी वायर न्यायची म्हणजे ते बूच फोडणं, आणि फोडलेलं बूच परत भरताना मी कुणाला पाहिलेलं नाही. म्हणूनच २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत विजेच्या केबलच्या डक्टमध्ये पाण्याच्या, गॅसच्या, टेलिफोनच्या लाइन घालू नयेत असं म्हटलं आहे. कमिटीने या कारणाने नकार दिला तर भांडू नका, दुसरी वाट सुचवा.

कंपनी फायबरऐवजी तांब्याची लॅन केबल गच्चीवरून आणत असेल, तर गोष्ट आणखी वेगळी. गच्चीवर स्विचचा डबा लागतो, त्याला सोसायटीची वीज लागते, आणि मे-जूनमध्ये गडगडाट सुरू झाला की त्याच तांब्यातून झटका थेट तुमच्या राउटरपर्यंत येतो. आमच्या गच्चीवरचा असा डबा दोन पावसाळ्यांत दोनदा जळाला. दुसऱ्या वेळी त्याच्यासोबत तीन घरांचे राउटर गेले. त्यानंतर आम्ही तांब्याला परवानगी देणं बंद केलं.

६. टेलिफोनचा जुना पाइप जाम आहे, वायर पुढे जात नाही. आता?

४०३ ला हेच झालं. पाइपमध्ये लँडलाइनच्या जुन्या तांब्याच्या जोड्या आणि केबल टीव्हीची एक जाड काळी वायर होती. टेलिफोन कुणाकडेच चालू नसेल असं वाटत होतं, पण हे गृहीत धरायचं नसतं. कमिटीने आठ दिवस नोटीस लावली. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी सांगितलं की त्यांचा लँडलाइन अजून चालतो. ती जोडी ओळखून लाल चिकटपट्टी लावली, बाकीच्या सोडवल्या.

सोडवताना युक्ती अशी: मेलेली वायर नुसती उपसून टाकायची नाही. तिच्या खालच्या टोकाला नायलॉनची दोरी बांधायची आणि वरून ओढायचं. जुनी वायर बाहेर येते आणि तिच्या जागी दोरी आत बसते. मग त्या दोरीने फायबर ओढायची. दोरी फायबरच्या टोकाला बांधताना गाठ वायरीच्या आतल्या ताण सोसणाऱ्या काड्यांवर घ्यायची, काचेवर नाही. आणि फायबरसोबत एक दोरी आतच राहू द्यायची, पुढच्या फ्लॅटसाठी.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे ओढ अडकली. जोर लावला नाही. तिसऱ्या मजल्याचा चौकोन उघडला, तर आत गिलाव्याचा गोळा. तो खरवडून काढला आणि वायर सुटली. सगळं काम तीन तासांत झालं.

७. कमिटी "केबल चार्ज" मागते. द्यायचा का?

परत मिळणारी अनामत मागितली तर मला त्यात गैर दिसत नाही. भिंत नीट केली की ती परत. दरमहा भाडं म्हणून फ्लॅटधारकाकडून पैसे मागणं मात्र मला पटत नाही. पाइप तुमच्या मालकीचाही आहे, आणि देखभाल तुम्ही भरताच. कोणतीही रक्कम असो, ती सर्वसाधारण सभेच्या ठरावात आहे का विचारा आणि पावती मागा. पावती मिळणार नसेल तर तो चार्ज नव्हे.

कंपनी इमारतीत स्वतःचा मोठा डबा बसवणार असेल, सोसायटीची वीज वापरणार असेल, तर तो व्यवहार कमिटी आणि कंपनीमधला. त्याचे पैसे तुमच्या अर्जात येऊ नयेत.

८. दोन महिने झाले, उत्तरच नाही. किंवा नुसतं "नाही" म्हणाले. कायदा काय सांगतो?

आधी एक सावधगिरी. पुण्या-मुंबईच्या मित्राकडून आलेला अर्जाचा मसुदा जसाच्या तसा देऊ नका. त्यात महाराष्ट्राचा १९६० चा सहकार कायदा आणि तिथले आदर्श उपविधी असतात. आपल्याकडे लागू आहे तो गोवा सहकारी संस्था अधिनियम २००१. चुकीचा कायदा दाखवला की जाणकार सेक्रेटरी गालातल्या गालात हसतो आणि अर्ज बाजूला ठेवतो. (मी ठेवलेला आहे. आता कबूल करायला हरकत नाही.)

दुसरं, "दूरसंचार कायद्याने आता कुणी अडवू शकत नाही" असं कंपनीचे लोक सांगतात. २०२३ चा दूरसंचार अधिनियम आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेले मार्गाधिकाराचे नियम आहेत खरे. पण खाजगी जागेसाठी त्यात कंपनीने मालकाकडे रीतसर मागणी करून करार करण्याची वाट आहे. न विचारता डक्टमध्ये शिरण्याची मुभा नाही.

व्यवहारात हे करा. पहिल्या अर्जाचा दाखला देऊन स्मरणपत्र द्या आणि त्यात विचारा: "हरकत मार्गाला आहे, वायरीला आहे की कंपनीला?" कारण लेखी मागितलं की नकार बहुधा "असं करा, मग चालेल" मध्ये बदलतो. तरी हललं नाही तर विषय सर्वसाधारण सभेत आणा. शेजाऱ्यांना परवानगी आणि फक्त तुम्हालाच नकार असा उघड दुजाभाव असेल, तर कागद घेऊन आपल्या विभागाच्या सहाय्यक सहकार निबंधकांकडे जाता येतं. एका वायरीसाठी तिथवर जाणारे मी फार थोडे पाहिले. गेलेल्यांचं इंटरनेट सुरू झालं, पण चवथीला शेजाऱ्यांकडे जाणं बंद झालं.

९. कमिटी म्हणते, आमचा एकाच कंपनीशी करार आहे, दुसरी चालणार नाही.

करार दाखवा म्हणा. बऱ्याचदा तो "आम्हाला डबा लावू द्या" एवढाच असतो, दुसऱ्याला बंदी असा शब्दही नसतो. बंदी असेलच तर मुदत कधी संपते ते बघा आणि नूतनीकरणाआधीच्या सभेत तुमचं म्हणणं मांडा.

कमिटीची खरी तक्रार वेगळी असू शकते: चार कंपन्या, चोवीस फ्लॅट, पाइपमध्ये केसांची जट. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक फ्लॅटला खालून वेगळी वायर न ओढता, कंपनीने एकच अनेक तंतूंची केबल वर न्यायची, मजल्यावर छोटा डबा बसवायचा आणि तिथून घरोघरी फाटे द्यायचे. त्याच इमारतीतून पाच-सहा गिऱ्हाइकं मिळाली की कंपनीही तयार होते. एकटे जाण्यापेक्षा शेजाऱ्यांशी बोलून एकच अर्ज करा.

१०. वायर आधीच टाकून झाली आहे. आता अर्ज केला तर तोडतील का?

आमच्याकडे तोडली नसती. प्रश्न ३ मधलाच अर्ज लिहा, फक्त "नेण्याबाबत" ऐवजी "नियमित करण्याबाबत", आणि आजचे फोटो लावा. वायर विजेच्या शाफ्टमध्ये असेल तर ती हलवण्याची तारीख स्वतःहून द्या. लपवून ठेवलेली वायर पुढच्या रंगकामात रंगारी कापतो आणि तेव्हा तक्रार करायला तुमच्याकडे कागद नसतो.

११. नेट अधूनमधून जातं. डक्टमध्ये वायर दाबली गेली की कंपनीचाच बिघाड, हे कसं ओळखायचं?

भिंतीवरच्या डब्यावर LOS नावाचा दिवा असतो. तो लाल असेल तर उजेड पोचतच नाही. शेजारच्या फ्लॅटमध्ये त्याच कंपनीची जोडणी असेल तर त्यांचा दिवा बघा. त्यांचाही लाल असेल तर बिघाड बाहेर, तुमचाच असेल तर तुमच्या ३६ मीटरमध्ये.

दिवा हिरवा पण नेट तुटतंय, हा प्रकार अवघड. डब्याच्या सेटिंगच्या पानावर Rx Power असा आकडा असतो. तो ऋण असतो आणि शून्यापासून जितका लांब तितका उजेड कमी. घरगुती जोडणीत उणे १५ ते उणे २५ डीबीएम बरा. उणे २७ च्या पलीकडे डबा धडपडतो. जोडणी झाली त्या दिवशीचा आकडा लिहून ठेवा, हे फार उपयोगी पडतं.

४०३ चा आकडा पहिल्या दिवशी उणे २१ होता. आठ महिन्यांनी तो उणे २७ झाला. सहा डीबी म्हणजे उजेड एक चतुर्थांशावर आला. कंपनीने डबा बदलला, आकडा तसाच. शेवटी तिसऱ्या मजल्याचा चौकोन उघडला. तिथे कुणीतरी दारावरच्या बेलची वायर घालून झाकण स्क्रूने घट्ट आवळलं होतं आणि फायबर झाकणाच्या कडेला काटकोनात दुमडली होती. झाकण सैल केलं, वायरीला मुठीएवढं वळण दिलं आणि आकडा उणे २१.५ वर आला. फायबर तुटायलाच लागते असं नाही, ती नुसती मुडपली तरी उजेड वळणावरच गळून जातो.

१२. पहिल्या पावसात वायरीच्या भोकाखालची भिंत ओली झाली. जबाबदारी कुणाची?

अर्जात लिहिलं असेल तर तुमची, आणि ती असावीच. बाहेरून येणारी वायर वरून खाली उतरत थेट भोकात शिरली की पाणी तिच्या अंगाने आत चालत येतं. भोकाआधी वायर भोकाच्या पातळीखाली नेऊन परत वर आणायची, म्हणजे पाणी त्या वळणाच्या तळाशी ठिबकून जातं. भोक आतून बाहेर उतरतं पाडायचं आणि बाहेरच्या तोंडाला सिलिकॉन भरायचं. मेमध्ये एकदा बघून घ्या. मृगात शिडी लावणं नको.

१३. कंपनी बदलली. जुनी वायर कुणी काढायची?

कंपनी डबा न्यायला येते, वायर न्यायला येत नाही. अर्जात लिहून दिलं असेल तर काढणं तुमच्याकडे. उपसताना प्रश्न ६ मधली दोरी बांधायला विसरू नका.

नवी कंपनी जुनीच वायर वापरायला तयार आहे का, तेही आधी विचारा. फायबर चांगली असेल तर फक्त टोकाचा हिरवा जोड नवा बसवून भागतं. ४०३ च्या वहिनींनी गेल्या वर्षी कंपनी बदलली तेव्हा तसंच केलं. कमिटीला त्यांनी दोनच ओळी दिल्या: वायर तीच, कंपनी नवी, पट्टीवरचं नाव बदललं आहे.